स्पॉन्सरची जाहिरात होस्टच्या तोंडी कशी बसवायची: अडीच किलो दाण्यांची गोष्ट

आमचा पॉडकास्ट नाशिकच्या जुन्या धंद्यांवर आहे. तांबट आळी, भांडी बाजार, पंचवटीतली दुकानं, असं सगळं. होस्ट आमची ताई, आणि मी मागे बसून एडिट करतो, म्हणजे ऑडिओ पण आणि जाहिरातीचा मजकूर पण. पहिली जाहिरात आली तेव्हा स्पॉन्सरने जो कागद पाठवला तो जसाच्या तसा ताईच्या हातात दिला, तिने वाचला, आणि भाग आल्यावर एका नेहमीच्या ऐकणाऱ्या काकूंचा मेसेज आला की ताई मधेच आकाशवाणीवर गेली होती का. तेव्हापासून एक पद्धत बसत गेली. नवीन लोक विचारतात म्हणून लिहून ठेवतोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो, दिंडोरी रोडवरच्या एका लाकडी घाण्याचं, नाव सांगत नाही, इथे त्याला अमुक घाणा म्हणू.

आधी हे जमवून ठेवा

- स्पॉन्सरचा मूळ मजकूर, आणि त्यातलं बोललंच पाहिजे असं काय, हे त्यांच्याकडून लेखी
- वस्तू स्वतः, होस्टच्या घरी, रेकॉर्डिंगच्या निदान दोन आठवडे आधी
- वस्तूच्या लेबलचा फोटो, सगळ्या बाजूंनी
- जे दावे करायचेत त्यांचा काहीतरी पुरावा, टेस्ट रिपोर्ट असेल तर तो
- तुमच्याच पॉडकास्टचे जुने दोन-तीन भाग
- मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक वही

वस्तू दोन आठवडे आधी का ते पाचव्या पायरीत येतं.

१. मूळ मजकूर फोडा

हा आम्हाला आलेला कागद, फक्त नाव बदललंय:

> अमुक घाणा – परंपरेचा वारसा, आरोग्याचा आरसा! आम्ही गेल्या तीन पिढ्यांपासून ग्राहकांच्या विश्वासास पात्र ठरलेलो असून, कोणत्याही रासायनिक प्रक्रियेविना निर्मित केलेले आमचे शेंगदाणा, करडई, तीळ व खोबरेल तेल हे १०० टक्के शुद्ध, कोलेस्टेरॉल फ्री व हृदयासाठी उत्तम आहे. उत्कृष्ट गुणवत्ता, वाजवी दर व घरपोच सेवा. आजच भेट द्या. SHENGDANA15 हा कोड वापरून १५ टक्के सवलत मिळवा. त्वरा करा!

छोटाच आहे, पण मोजा बरं यात गोष्टी किती आहेत. परंपरा, तीन पिढ्या, केमिकल नाही, चार तेलं, शुद्ध, कोलेस्टेरॉल, हृदय, दर, घरपोच, कोड. दहा. चहा पिता पिता ऐकणाऱ्या माणसाला दहातलं एकही आठवत नाही, हे मी आईवर करून बघितलं. ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं काय होतं गं ते, तर म्हणाली तेलाचं काहीतरी. बस, एवढंच.

वहीत तीन रकाने करा. पहिल्यात बोललंच पाहिजे: नाव, कुठे मिळतं, कोड. दुसऱ्यात चाललं तर घेऊ: चार तेलं, घरपोच, तीन पिढ्या. तिसऱ्यात जे कुणीही कशाबद्दलही म्हणू शकतं, म्हणजे उत्कृष्ट गुणवत्ता, वाजवी दर, वारसा, आरसा. तिसरा रकाना सरळ काट मारून टाका, हे सायकलच्या दुकानालाही चाललं असतं. कोलेस्टेरॉल आणि हृदय बाजूला ठेवा, त्यांचं वेगळं दुखणं आहे.

२. होस्ट खरंच कशी बोलते ते कागदावर आणा

इथे बहुतेक लोक फसतात. होस्टसारखं लिहायचं म्हणजे मधेमधे "तर मंडळी" टाकायचं असं वाटतं, पण तसं नसतं. जुन्या भागातली दहा मिनिटं घ्या, पाहुणा बोलत नसताना होस्ट एकटी बोलते तो तुकडा, आणि शब्द न् शब्द उतरवून काढा. अं, हं, सगळं. कंटाळवाणं काम आहे, मला पाऊण तास लागला, पण एकदाच करायचंय.

ताईचं उतरवल्यावर मला जे दिसलं ते असं. ती वाक्य अर्धवट टाकते आणि पुढच्या वाक्यात पूर्ण करते. कौतुक करायचं असलं की आधी तक्रार करते. आकडा सांगितला की थांबते. "श्रोतेहो" आयुष्यात म्हणाली नाही. आणि तिच्या बोलण्यात "व", "तसेच", "अथवा", "उपलब्ध", "द्वारे" यातला एकही शब्द नाही. आपल्या कुणाच्याच नसतो.

मराठीत एक खास भानगड आहे, लेखी आणि बोली शेवटांची. कागदावर "निर्मित केलेले तेल" असतं, तोंडात "काढलेलं तेल". "मिळते" नाही, "मिळतं". "त्यांचे दुकान" नाही, "त्यांचं दुकान". होस्ट हुशार असेल तर वाचताना आपोआप बदलेल असं वाटतं पण नाही बदलत, समोर जे लिहिलंय तेच तोंडातून येतं आणि आवाज लगेच बातम्यांचा होतो. म्हणून अनुस्वारासकट बोली रूपच टाइप करा, शुद्धलेखनवाले रागावले तरी चालेल, हा कागद तोंडासाठी आहे.

आणि दुसरी, याहून मोठी: आम्ही कोण? मूळ कागदात "आमचे तेल" आहे. ताईने ते तसंच वाचलं की ती घाण्याची मालकीण झाली. "आपलं तेल" केलं तरी गोंधळ, कारण मराठीत आपण म्हणजे मी पण आणि तुम्ही पण. तर स्पॉन्सर कायम "ते", होस्ट "मी", ऐकणारे "तुम्ही". पहिल्या मसुद्यात हा एकच बदल केला तरी अर्धा अवघडलेपणा जातो.

३. एक तपशील शोधायला बाहेर पडा

लक्षात राहणारी गोष्ट स्पॉन्सरच्या कागदात जवळजवळ कधीच नसते, कारण त्यांना ती रोजची झालेली असते. ती जागेवर जाऊन मिळते, नाहीतर फोनवर नीट प्रश्न विचारून. आणि होस्टला न्या सोबत. तिने न बघितलेली गोष्ट तिच्या तोंडी घातली तर ते खोटं झालं.

आम्ही एका शनिवारी सकाळी गेलो. पत्र्याची शेड, आत दाण्याचा असा वास की भूक लागावी, दोन बायका सुपात दाणे निवडतायत, आणि घाणा हळूहळू फिरतोय. घाण्याचे मालक काका बोलत होते ते सगळं कागदातलंच, शुद्ध आणि पारंपरिक. मग ताईने तिच्या सवयीने तक्रार काढली, काका, पण बाहेरच्यापेक्षा एवढं महाग का हो? काका काही बोलले नाहीत. उठले, काट्यावर डबा ठेवला, दाणे ओतत गेले, आणि काटा अडीच किलोवर आला तसे थांबले. म्हणाले, "एवढे घातले की एक लीटर निघतं, ताई. आता भाव तुम्हीच लावा."

बस. हाच तपशील.

हाच का, बाकीचे का नाही? वहीत आणखी चार होते. तीन पिढ्या, खरं आहे पण प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतं. तळाला गाळ बसतो, छान आहे, पण ऐकून कुणाला तेल घ्यावंसं वाटत नाही. पेंड गवळी घेऊन जातात, मला खूप आवडलं होतं, पण त्याने तेलाबद्दल काही कळत नाही. घाणा हळू फिरतो, बरं मग? अडीच किलोचं मात्र डोळ्यासमोर दिसतं, एका वाक्यात दुसऱ्याला सांगता येतं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जो प्रश्न असतोच, महाग का, त्याचंच उत्तर आहे. माझी चाळणी एवढीच: दिसतं का, एका दमात सांगता येतं का, आणि वस्तू घ्यायच्या की न घ्यायच्या प्रश्नाला लागू पडतं का.

तपशील मिळाला की तो तपासा, काका चांगले आहेत म्हणून सोडू नका. आम्ही थांबून एक अख्खा घाणा निघताना बघितला, १० किलो दाणे घातले, ४ लीटरच्या आसपास तेल आलं. हिशोबातही बसतं, दाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेल असतं, लीटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे अडीच किलोतून ३६ टक्के निघालं, उरलेलं पेंडीत राहतं, लाकडी घाण्यात राहतंच. पण दाण्याची जात, ओल, यावर कमीजास्त होणार, म्हणून मजकुरात "साधारण" हा शब्द गेलाच पाहिजे. तो काढायचा मोह होतो, वाक्य सुटसुटीत होतं ना. काढू नका.

४. लिहा, आणि बाकीचं सोडून द्या

एका मिनिटात किती शब्द बसतात ते होस्टवर आहे. ताईचे जुने भाग मोजले तर मिनिटाला १२० च्या जवळपास येतात. मूळ कागद ६० च्या आसपास शब्दांचा होता पण जोडाक्षरं इतकी की वाचायला मिनिटभर खात होता असं वाटायचं.

मी घटनेपासून सुरू करतो, वस्तूच्या नावापासून नाही. घटना होस्टला घडलेली. तपशील मध्यात. मग होस्टचं स्वतःचं एक खरं वाक्य, शक्यतो थोडं तिरकं. मग पत्ता, कोड. हा आमचा शेवटचा मजकूर:

> आता एक मिनिट जाहिरातीचं. या भागासाठी अमुक घाण्याने पैसे दिलेत, दिंडोरी रोडवरचा लाकडी घाणा.
>
> तर मी तिथे गेले, आणि सरळ विचारलं, काका, तुमचं शेंगदाणा तेल एवढं महाग का हो? काका काही बोललेच नाहीत. काट्यावर दाणे ठेवले. अडीच किलो. म्हणाले, एवढे घातले की एक लीटर निघतं. साधारण हं, कधी थोडं कमी, कधी जास्त. आता अडीच किलो दाण्यांचा भाव तुम्हीच लावा. मी लावला, आणि गप्प बसले.
>
> गेले तीन आठवडे आमच्याकडे फोडणीला तेच आहे. दाण्याचा वास येतो, चांगला येतो, ज्यांना नको त्यांनी घेऊ नका. ज्यांना हवा त्यांनी दिंडोरी रोडला जा, नाहीतर वेबसाइटवर मागवा, कोड TEL15, टी, ई, एल, पंधरा. पंधरा टक्के कमी होतील.
>
> अमुक घाणा. अडीच किलो दाणे, एक लीटर तेल. जाहिरात संपली, चला परत तांबट आळीत.

करडई, तीळ, खोबरेल गेलं. घरपोचसुद्धा "वेबसाइटवर मागवा" यात विरघळलं. दुकानात गेल्यावर बाकीची तेलं दिसतातच की.

शेवटचं "अमुक घाणा. अडीच किलो दाणे, एक लीटर तेल" बघा, ते पहिल्या मसुद्यात नव्हतं. आईला पहिला मसुदा ऐकवला, दुसऱ्या दिवशी विचारलं तर पटकन म्हणाली, अडीच किलोचं एक लीटर. मी खूश. मग म्हटलं कुणाचं तेल? तर आठवेना. म्हणजे गोष्ट लक्षात राहिली आणि पैसे देणारा विसरला गेला, हे स्पॉन्सरच्या दृष्टीने फुकटच गेलं. कारण नाव सुरुवातीला एकदा येऊन गेलं होतं आणि तपशील तिथून लांब. म्हणून शेवटी नाव आणि तपशील एकमेकांना चिकटवले. पुन्हा आईवर करून उपयोग नव्हता, शेजारच्या दादाला ऐकवलं, त्याला दोन्ही आठवलं. चाचणी नेहमी नव्या माणसावर करा, आणि ऐकवल्यावर लगेच विचारू नका, एक रात्र जाऊ द्या.

कोडबद्दल. मूळ कोड `SHENGDANA15` होता. शेंगदाणा इंग्रजी अक्षरात कुणी `SHENGADANA` लिहितं, कुणी `SHENGDAANA`, ऐकून टाइप करणाऱ्याला काय कळणार, आणि कोड चालला नाही की माणूस परत प्रयत्न करत नाही. मराठी शब्दाचा कोड असेल तर इतका छोटा घ्या की अक्षरं मोजून सांगता येतील. `TEL15` मागून घेतला, त्यांना दोन मिनिटांचं काम होतं.

५. जे बोलता येत नाही ते

कोलेस्टेरॉल फ्री. शेंगदाणा तेल वनस्पतीचं आहे, कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या चरबीतला प्रकार, कुठल्याही वनस्पती तेलात तो नगण्यच असतो. म्हणजे वाक्य खोटं नाही पण ऐकणाऱ्याला वाटतं की या तेलात काहीतरी वेगळं केलंय. काढलं. हृदयासाठी उत्तम, हा आरोग्याचा दावा, पुरावा मागितला तर घाण्याकडे नव्हता, काढला. १०० टक्के शुद्ध, रिपोर्ट दाखवा मग बोलू. रिपोर्ट आला नाही.

जाहिरात आहे हे सुरुवातीलाच आणि शेवटी बोलायचं. आस्की म्हणजे जाहिरात मानक परिषद, त्यांच्या २०२१ च्या इन्फ्लुएन्सर नियमांत ऑडिओसाठी असंच सांगितलंय, आदी आणि अंती स्पष्ट उच्चार. नुसतं "यांच्या सहकार्याने" म्हणून भागवू नका, त्यातून पैसे घेतलेत हे कळत नाही. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये आणलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस करणाऱ्याचं मत खरं, आत्ताचं आणि वस्तूची पुरेशी माहिती असलेलं पाहिजे. म्हणून डबा आधी घरी. ताईने तीन आठवडे वापरलं म्हणून "तीन आठवडे" लिहिलं, दहा दिवस झाले असते तर दहा दिवस लिहिलं असतं. होस्टला वस्तू आवडलीच नाही तर? मग "मी वापरते" हे वाक्य काढा आणि नुसती बघितलेली गोष्ट सांगा, किंवा जाहिरात सोडा. आम्ही एक सोडली आहे.

६. मंजुरी घेताना

मजकूर कागदावर पाठवू नका, ताईच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. कागदावर हा मजकूर बावळट दिसतो. अर्धवट वाक्यं, "साधारण हं", स्पॉन्सर लाल पेन काढणारच. तेच कानाने ऐकलं की हरकती निम्म्या होतात.

तरी दोन आल्याच. एक, आमचं उत्कृष्ट गुणवत्ता कुठे गेलं. मी म्हटलं काका, तुम्ही काट्यावर दाणे ठेवलेत तेव्हा गुणवत्ता हा शब्द उच्चारला होता का? हसले आणि सोडून दिलं. दुसरी जड होती, "ज्यांना नको त्यांनी घेऊ नका" हे त्यांच्या मुलाला अजिबात पटेना. पैसे आम्ही देतोय आणि घेऊ नका काय? त्याला समजावलं की वास येणार हे आधी सांगितलं नाही तर रिफाइंडची सवय असलेला माणूस डबा परत आणेल. ते त्याला पटलं कारण तसे डबे परत आलेले होते.

आधीच ठरवून घ्या: चूक असेल तर कितीही दुरुस्त्या, पण नवीन मुद्दा घालायचा तर जुना एक काढायचा, आणि फेऱ्या दोनच. हे मेलवर लिहून घ्या, फोनवरचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

७. रेकॉर्डिंग आणि कापाकापी

जाहिरात वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत रेकॉर्ड केली की खोलीचा आवाज बदलतो आणि कानाला लगेच कळतं की तुकडा चिकटवलाय. भागाच्याच बैठकीत, त्याच माइकवर करा. ताईला मी कागद दोनदा वाचायला लावतो आणि तिसऱ्यांदा काढून घेतो. हातात फक्त एक चिठ्ठी: घाणा, काटा, अडीच–एक, वास, कोड. तिसरा टेक जवळजवळ नेहमी वापरला जातो, त्यात एखादं वाक्य इकडचं तिकडे होतं, होऊ द्या. नाव, आकडा, कोड आणि "साधारण", एवढं बरोबर आहे का ते कान देऊन तपासा.

एडिट करताना श्वास कापू नका. "अडीच किलो" नंतरची शांतता तर अजिबात नाही, मी एकदा वेळ वाचवायला ती अर्धी केली आणि आकडा वाहून गेला. आवाजाची पातळी बाकी भागाएवढीच ठेवा, आम्ही सगळा भाग स्टीरिओत `-16 LUFS` वर नेतो, ऑडॅसिटीत `Loudness Normalization` मध्ये होतं. खाली म्युझिक लावू नका, म्युझिक वाजलं की लोकांचं बोट पुढे ढकलायच्या बटणावर जातं.

जागा भागाच्या मध्याच्या आसपास, पण पाहुण्याची गोष्ट तोडून नाही. तांब्याच्या भट्टीचं सांगता सांगता कारागीर थांबले, पाणी प्यायले, तिथे आम्ही टाकली.

राहिलं एक. सवलत दिवाळीपर्यंतच होती, आणि भाग तर कायम राहतो, लोक वर्षाने सुद्धा ऐकतात. म्हणून मुदतीचं वाक्य, "दिवाळीपर्यंत हं", ताईकडून वेगळं बोलून घेतलं, मागेपुढे एक-एक सेकंद शांतता ठेवून, आणि "पंधरा टक्के कमी होतील" च्या नंतर जोडलं. भाऊबीज झाल्यावर ते आणि कोडचं वाक्य दोन्ही काढून फाइल बदलली. काटा आणि दाणे अजून आहेत तिथे.